पीएच एका अंकाने उतरेपर्यंत बफर किती आम्ल सामावतो?

दोन बाटल्या समोर ठेवल्या आहेत असे समजा. पहिलीत ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट प्रत्येकी ०.१ मोलर आहे, दुसरीत हेच दोन पदार्थ प्रत्येकी ०.०१ मोलर आहेत. दोन्हींत पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला तर वाचने जवळजवळ सारखीच येतात, ४.६५ ते ४.७५ च्या दरम्यान. आता प्रत्येकीतले १०० मिलिलिटर द्रावण वेगळ्या बीकरमध्ये घ्या आणि दोन्हींत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच मिलिलिटर घाला. पहिल्या बीकरमध्ये पीएच जेमतेम ०.०९ ने खाली येतो. दुसऱ्या बीकरमध्ये तो थेट ३.२ च्या आसपास जाऊन थांबतो. मीटरवरचा आकडा आपल्याला बफर कुठे उभा आहे एवढेच सांगतो. तो किती मार सोसेल हे सांगत नाही. तेवढ्यासाठी बफर क्षमता वेगळी काढावी लागते, आणि हा लेख ती कशी काढायची याविषयी आहे.

पाठ्यपुस्तकात पीएचला सामू म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र सगळे पीएचच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. प्रश्न अगदी नेमका आहे: दिलेल्या बफरच्या ठरावीक आकारमानात तीव्र आम्लाचे किती मिलिमोल घातले म्हणजे त्याचा पीएच बरोबर एक अंकाने उतरेल? उदाहरण म्हणून वरचा पहिला बफर घेऊ, म्हणजे १०० मिलिलिटर द्रावण, ज्यात १० मिलिमोल ॲसिटिक आम्ल आणि १० मिलिमोल ॲसिटेट आहे. आधी कागदावर उत्तर काढू, मग तेच प्रत्यक्ष अनुमापनाने मोजू. हा क्रम उलटा करू नये, कारण अपेक्षित आकडा हाताशी नसेल तर चुकीचे वाचनही खरे वाटते.

कागदावरचा हिशेब

हेंडरसन–हॅसलबाल्क समीकरण तुम्हाला माहीत असेलच.

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

या समीकरणात पीएच ठरवणारी गोष्ट एकच आहे: ॲसिटेटचे ॲसिटिक आम्लाशी असलेले गुणोत्तर. लॉगरिदम दहाच्या पायावरचा असल्यामुळे पीएच एका अंकाने उतरणे म्हणजे हे गुणोत्तर दहापट कमी होणे. इथेच अर्धे काम होते. pKa किती, तापमान किती, हे प्रश्न तूर्त बाजूला राहतात, कारण ते दोन्ही टोकांना सारखेच लागू असतात आणि वजाबाकीत निघून जातात.

आता हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर काय होते ते मिलिमोलमध्ये मांडू. मोलारिटीत मांडू नये, हे नवशिक्यांना मी आवर्जून सांगतो. आम्ल घालताना आकारमान वाढते, मोलारिटी सारखी बदलत राहते आणि हिशेब उगीच गुंतागुंतीचा होतो. मिलिमोल मात्र पाण्याने वाढत नाहीत की कमी होत नाहीत. शिवाय गुणोत्तरात दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात असल्यामुळे आकारमान वर आणि खाली सारखेच येऊन कटते.

तीव्र आम्लाचा प्रत्येक मिलिमोल एक मिलिमोल ॲसिटेट खातो आणि त्याचे एक मिलिमोल ॲसिटिक आम्ल करतो. म्हणून x मिलिमोल आम्ल घातल्यावर ॲसिटेट १० − x उरते आणि ॲसिटिक आम्ल १० + x होते. सुरुवातीचे गुणोत्तर १ होते, शेवटचे ०.१ हवे.

```
(१० - x) / (१० + x) = ०.१
१० - x = १ + ०.१x
९ = १.१x
x = ८.१८ मिलिमोल
```

म्हणजे १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ब्युरेटमध्ये असेल, तर ८.१८ मिलिलिटर घातल्यावर पीएच बरोबर एकाने खाली आलेला असेल. दुरुस्ती म्हणून पाहायचे तर पीएच ३.७६ ला द्रावणात मोकळे हायड्रोजन आयनही असतात, आणि तेही घातलेल्या आम्लातूनच आलेले असतात. १०८ मिलिलिटरमध्ये ते सुमारे ०.०१९ मिलिमोल भरतात, म्हणजे ब्युरेटच्या अर्ध्या थेंबापेक्षाही कमी. इथे ते सोडून दिले तरी चालते; कुठे सोडून चालणार नाही ते पुढे येईल.

तुलनेसाठी, बफर नसलेले पण पीएच ४.७६ च असलेले १०० मिलिलिटर पाणी घेतले, तर तोच एक अंक उतरवायला सुमारे ०.०१६ मिलिमोल आम्ल पुरते. आपल्या बफरला त्याच्या पाचशेपट लागते. नळाच्या तोटीखाली धरलेल्या ग्लासात आणि पाण्याच्या टाकीत जेवढा फरक असतो, त्या जातीचा हा फरक आहे.

बफर तयार करणे

५०० मिलिलिटर बफर केला तर चार-पाच अनुमापने निवांत होतात. त्यासाठी ०.०५ मोल ॲसिटिक आम्ल आणि ०.०५ मोल सोडियम ॲसिटेट लागते. ग्लेशिअल ॲसिटिक आम्लाचे ३.०० ग्रॅम वजन करून घ्या. पिपेटने २.८६ मिलिलिटर घेऊनही चालते, पण मला वजनच भरवशाचे वाटते, कारण हे आम्ल पिपेटच्या काचेला चिकटून राहते आणि त्याचा वास जवळून सहन होत नाही. काम धूरपेटीत, हातमोजे घालून करावे. पुण्या-नाशिककडे हिवाळ्याच्या सकाळी बाटलीतले आम्ल पांढऱ्या बर्फासारखे गोठलेले दिसले तर घाबरू नका; ते १६.६ अंश सेल्सिअसला गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळे वितळू द्यावे, अर्धवट वितळलेल्यातून घेऊ नये.

सोडियम ॲसिटेट दोन रूपांत मिळते आणि या प्रयोगातली सर्वांत जास्त आढळणारी चूक इथेच होते. तीन रेणू पाण्यासह येणाऱ्या स्फटिकरूप ॲसिटेटचे मोलर वस्तुमान १३६.०८ आहे, तर निर्जल पांढऱ्या भुकटीचे ८२.०३. ०.०५ मोलसाठी पहिल्याचे ६.८० ग्रॅम लागतात आणि दुसऱ्याचे ४.१० ग्रॅम. बाटलीवरचे लेबल पूर्ण वाचल्याशिवाय तराजू सुरू करू नये. उघड्या राहिलेल्या बाटलीतले स्फटिक कोरड्या हवेत पाणी सोडून पांढुरके पडतात. तसे दिसले तर ते नमुने वापरू नयेत, कारण त्यांच्या एका ग्रॅममध्ये ॲसिटेट जास्त भरते.

दोन्ही पदार्थ ५०० मिलिलिटरच्या मापनफ्लास्कमध्ये थोड्या शुद्ध पाण्यात विरघळवून खुणेपर्यंत पाणी भरा आणि फ्लास्क वीस-पंचवीस वेळा उलटसुलट करा. इथे कंजुषी केली, तर तळाचे द्रावण वरच्यापेक्षा वेगळे राहते आणि दोन अनुमापनांत मेळ बसत नाही.

हायड्रोक्लोरिक आम्ल १ मोलरच का घ्यायचे? ०.१ मोलर घेतले तर एक अंक उतरवायला ८२ मिलिलिटर लागेल आणि बीकरमधले द्रावण जवळजवळ दुप्पट होईल. गुणोत्तर तेच राहते हे खरे, पण द्रावणातली आयनांची गर्दी निम्मी होते आणि त्यामुळे pKa चे परिणामी मूल्यही किंचित सरकते. १ मोलर आम्लाने आकारमान फक्त आठ टक्के वाढते. यात आणखी एक सोय आहे, ती क्वचितच सांगितली जाते: ॲसिटेटची जागा क्लोराइड घेत असल्यामुळे आयनांची एकूण संख्या तीच राहते, एक आयन जातो तेव्हा एक येतो. म्हणून अनुमापनाच्या सुरुवातीला आणि शेवटी परिस्थिती जवळजवळ सारखी असते आणि कागदावरचे ८.१८ प्रत्यक्षातही टिकते.

संहत आम्ल पातळ करून केलेले '१ मोलर' बहुतेक वेळा नेमके १ मोलर नसते. ते प्रमाणित करून घ्यावे. वाळवलेल्या निर्जल सोडियम कार्बोनेटचे ०.५३० ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल, पाण्यात विरघळवून मिथिल ऑरेंज घातले तर अंतिम बिंदूला १ मोलर आम्लाचे बरोबर १० मिलिलिटर लागले पाहिजेत. १०.४ लागले, तर आम्ल ०.९६ मोलर आहे, आणि पुढे ब्युरेटच्या प्रत्येक वाचनाला ०.९६ ने गुणायचे आहे.

मीटर आणि अनुमापन

मीटर नेहमी दोन प्रमाण द्रावणांनी लावावा, ७ आणि ४. बाजारात मिळणाऱ्या बफर टॅब्लेटमध्ये ४, ७ आणि ९.२ या तिन्ही असतात. इथे पहिल्या दोन लागतात. फक्त ७ वर मीटर लावून काम उरकण्याची सवय इथे फार महागात पडते, कारण आपण मोजत आहोत तो पीएचमधला फरक आहे, आणि फरकाचे माप ठरते ते इलेक्ट्रोडच्या उतारावर. नव्या इलेक्ट्रोडचा उतार २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका अंकामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट असतो. जुन्या इलेक्ट्रोडचा नव्वद टक्क्यांवर आलेला असला आणि तुम्ही एकाच बिंदूवर मीटर लावला असला, तर मीटर एक अंक दाखवेल तेव्हा खरी घसरण १.१ अंकाची झालेली असेल.

पिपेटने १०० मिलिलिटर बफर बीकरमध्ये घ्या. २५ मिलिलिटरची पिपेट चारदा वापरली तरी चालेल. चुंबकीय ढवळणी हळू ठेवा आणि इलेक्ट्रोडचा काचेचा गोळा फिरणाऱ्या दांडीपासून बोटभर वर ठेवा. ब्युरेटची तोटी द्रावणाच्या वर, इलेक्ट्रोडपासून दूर असावी. आम्ल थेट काचेच्या गोळ्यावर पडले तर वाचन काही क्षण खोटे येते. सुरुवातीचे वाचन लिहून ठेवा.

हे सुरुवातीचे वाचन पाहून बहुतेक नवशिके गोंधळतात. पुस्तकात ॲसिटिक आम्लाचा pKa ४.७६ दिलेला असतो, दोन्ही पदार्थ समान आहेत, म्हणजे पीएच ४.७६ यायला हवा. मीटर मात्र ४.६५ च्या जवळ दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो. पुस्तकातला pKa अतिविरल द्रावणासाठी असतो, आणि ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट असलेल्या द्रावणात आयन एकमेकांना इतके जवळ असतात की त्यांची परिणामकता घटते. मीटरला जे दिसते ते आयनांची संख्या नसून त्यांची परिणामकता असते. त्यामुळे लक्ष्य म्हणून ३.७६ धरू नका. स्वतःच्या मीटरवरील सुरुवातीच्या वाचनातून १ वजा करा, ४.६५ वाचन असेल तर लक्ष्य ३.६५. पुस्तकातले सुरुवातीचे मूल्य आणि मीटरवरचे शेवटचे वाचन यांची सरमिसळ झाली, तर उत्तरात दहावा भागभर पीएचची चूक शिरते, आणि या टोकाला तेवढ्याने जवळपास अर्ध्या मिलिलिटरचा फरक पडतो.

पहिले सहा मिलिलिटर एक-एक करून घाला, मग अर्धा-अर्धा, आणि साडेसातच्या पुढे ०.१ मिलिलिटर. प्रत्येक वेळी वाचन स्थिर होईपर्यंत वीस-तीस सेकंद थांबा. आपल्या बफरसाठी घसरण साधारण अशी यायला हवी: २ मिलिलिटरला ०.१८, ४ ला ०.३७, ६ ला ०.६०, ७ ला ०.७५, ८ ला ०.९५. हे आकडे वरच्याच गुणोत्तरातून काढलेले आहेत. उदाहरणार्थ ६ मिलिलिटरला ॲसिटेट ४ आणि आम्ल १६ उरते, गुणोत्तर ०.२५, आणि त्याचा लॉगरिदम −०.६०. स्वतःची वाचने यांच्या शेजारी लिहीत गेलात तर चूक झाली असल्यास ती तिसऱ्या-चौथ्या वाचनालाच दिसते, शेवटपर्यंत थांबावे लागत नाही.

लक्ष्यावर बरोबर थांबण्याचा प्रयत्न करू नका. ते ओलांडा आणि दोन्ही बाजूंच्या वाचनांतून उत्तर काढा. ८.०० मिलिलिटरला घसरण ०.९५४ आहे आणि ८.३० ला १.०३२. या ०.३० मिलिलिटरमध्ये पीएच ०.०७८ ने उतरला. आपल्याला त्यातले ०.०४६ हवे आहेत. ०.०४६ भागिले ०.०७८, गुणिले ०.३०, म्हणजे ०.१८; उत्तर ८.१८ मिलिलिटर. प्रत्यक्षात मीटर दोनच दशांश स्थळे दाखवतो, त्यामुळे ८.१ ते ८.३ दरम्यानचे कोणतेही उत्तर चांगले समजावे. तीन अनुमापनांची सरासरी घ्या, आणि एखादे वाचन इतरांपेक्षा ०.२ मिलिलिटरहून जास्त दूर असेल तर त्याचे कारण शोधा. ते नुसते गाळून टाकू नका.

उत्तर लिहिताना आकारमान सोबत लिहावेच लागते: १०० मिलिलिटरला ८.२ मिलिमोल, म्हणजे लिटरला ८२ मिलिमोल, पीएच ४.६५ पासून ३.६५ पर्यंत, आम्लाच्या दिशेने.

सूत्राचे उत्तर मोठे का येते?

बरेच जण इथे एक वेगळाच आकडा घेऊन येतात. १९२२ मध्ये व्हॅन स्लाईक यांनी बफर क्षमतेची जी व्याख्या दिली, तिच्यात क्षमता म्हणजे पीएचच्या अतिसूक्ष्म बदलामागे लागणारे आम्ल किंवा आम्लारी. तिच्यातून निघणारे सूत्र असे आहे, C म्हणजे आम्ल आणि त्याचे आयन मिळून एकूण संहती:

```
β = 2.303 C Ka[H+] / (Ka + [H+])^2
```

पीएच आणि pKa समान असताना हे मूल्य ०.५७६ C होते. आपला C ०.२ मोलर, म्हणून ०.११५; १०० मिलिलिटरसाठी ११.५ मिलिमोल. मग ८.१८ कुठून आले? दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ११.५ हा वक्राचा सुरुवातीच्या क्षणीचा चढ आहे, जिथे बफर सर्वांत बळकट असतो. आम्ल घालत जाल तसा ॲसिटेटचा साठा संपत जातो, क्षमता घटते, आणि एक अंक उतरेपर्यंत ती सुरुवातीच्या एक-तृतीयांशावर आलेली असते. वरच्या वाचनांत हेच दिसते: पहिल्या दोन मिलिलिटरला ०.१८ ची घसरण, पण सात ते आठ या एकाच मिलिलिटरला ०.२०. सुरुवातीच्या चढाला एका अंकाने गुणून काढलेले उत्तर आपल्या बफरसाठी चाळीस टक्क्यांनी फुगलेले येते. आपल्याकडे दहाच मिलिमोल ॲसिटेट आहे, त्यामुळे ११.५ मिलिमोल आम्ल सामावणे शक्यच नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी ही चूक लगेच ओळखू येते.

सूक्ष्म बदलासाठी, म्हणजे पीएच ०.०५ किंवा ०.१ ने हलेल का हे पाहायचे असेल, तेव्हा सूत्र वापरा. एका अंकासाठी मिलिमोलचा हिशेबच करा.

आम्ल सोसायचे असेल तर बफर कुठे उभा असावा

बफर pKa इतक्या पीएचला सर्वांत बळकट असतो, हे वाक्य सर्वत्र असते आणि ते खरेही आहे, पण आपल्या प्रश्नासाठी ते पुरेसे नाही. एकूण २० मिलिमोल तेच ठेवून ॲसिटेट १६ आणि आम्ल ४ घ्या. सुरुवातीचे गुणोत्तर ४, शेवटचे ०.४ हवे.

```
(१६ - x) / (४ + x) = ०.४
x = १०.२९ मिलिमोल
```

हे ८.१८ पेक्षा जास्त आहे. उलट ॲसिटेट ४ आणि आम्ल १६ घेतले तर फक्त ३.५ मिलिमोलमध्येच एक अंक संपतो. कारण सरळ आहे. क्षमतेचा उंचवटा pKa च्या भोवती असतो; pKa वरून सुरुवात केली तर उंचवट्याचा फक्त उतरता अर्धा भाग वाट्याला येतो. pKa च्या अर्धा अंक वरून निघालात, तर उंचवटा बरोबर मध्ये घेऊन अर्धा अंक खाली पोहोचता. सुरुवातीचे गुणोत्तर ३.१६ असताना ही क्षमता सर्वाधिक, म्हणजे १०.४ मिलिमोल, येते. तुमच्या कामात फक्त आम्लच तयार होणार असेल, तर बफर pKa च्या थोडा वर ठेवणे हाच शहाणपणा आहे. आम्ल आणि आम्लारी दोन्हींची शक्यता असेल तेव्हाच बरोबर मध्यावर उभे राहावे.

उत्तर चुकले तर कुठे पाहावे

माझ्याकडे एकदा एका गटाचे उत्तर ५.१ मिलिलिटर आले होते. तिन्ही अनुमापने एकमेकांशी जुळत होती, म्हणून त्यांना उत्तराची खात्री वाटत होती. त्यांच्या वहीत सुरुवातीचा पीएच ४.४३ लिहिलेला होता, आणि तिथेच उलगडा झाला. बाटली स्फटिकरूप ॲसिटेटची होती, वजन मात्र निर्जलाचे, ४.१० ग्रॅम घेतले होते. त्यामुळे १०० मिलिलिटरमध्ये ॲसिटेट १० ऐवजी ६.०३ मिलिमोलच होते; गुणोत्तर ०.६०, पीएच ०.२२ ने खाली, आणि हिशेब केला तर x बरोबर ५.१ येतो. उलट चूक झाली, म्हणजे निर्जल भुकटी ६.८० ग्रॅम घेतली, तर पीएच तेवढाच, ०.२२ ने, वर दिसतो. म्हणून सुरुवातीचे वाचन ४.६५ पासून ०.०५ हून जास्त दूर असेल, तर अनुमापन सुरूच करू नका. आधी वजनांची नोंद तपासा.

सुरुवातीचा पीएच बरोबर आहे पण उत्तर साडेआठच्या पुढे येते, तेव्हा संशय दोघांवर असतो: आम्ल पातळ आहे, किंवा इलेक्ट्रोडचा उतार कमी आहे. दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसतो, ०.९५ मोलर आम्लाने ८.६ मिलिलिटर येते आणि नव्वद टक्के उताराच्या इलेक्ट्रोडनेही साडेआठच्या वर जाते. दोघांना वेगळे करायला अनुमापन संपताच इलेक्ट्रोड धुऊन, टिश्यूने न घासता नुसता टिपून, पीएच ४ च्या प्रमाण द्रावणात ठेवा. तिथे वाचन ०.०३ हून जास्त हटलेले असेल तर दोष मीटरकडे आहे. तसे नसेल तर कार्बोनेटने आम्ल पुन्हा प्रमाणित करा.

या पद्धतीची मर्यादाही माहीत असावी. द्रावण फार पातळ असले, किंवा पीएच ३ च्या खाली जाणार असला, तर मोकळ्या हायड्रोजन आयनांना सोडून देता येत नाही. सुरुवातीच्या दुसऱ्या बाटलीत, ०.०१ मोलर बफरमध्ये, हिशेबाने ०.८१८ मिलिमोल येतात, पण शेवटी मोकळे राहणारे सुमारे ०.०१७ मिलिमोल वेगळे मिळवावे लागतात, म्हणजे दोन टक्के. ॲसिटेटऐवजी ट्रिस घेतलात तर तापमानाचेही भान ठेवावे लागते. त्याचा pKa एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०३ ने उतरतो, त्यामुळे सुरुवात सकाळी आणि शेवट दुपारच्या उन्हात, असे चालत नाही. ॲसिटेट या बाबतीत फार सोशिक आहे, म्हणूनच शिकायला तो बरा.

उलट बाजूने: हवी तेवढी क्षमता असलेला बफर

आता तेच गणित उलटे करू, कारण कामात बहुधा तेच लागते. १०० मिलिलिटर द्रावणाचा पीएच ५.० हवा आहे, आणि त्यात १५ मिलिमोल आम्ल तयार झाले तरी तो ४.० च्या खाली जाऊ नये. मीटरवर दिसणारा परिणामी pKa ४.६५ धरू. ५.० ला गुणोत्तर १० चा ०.३५ वा घात, म्हणजे २.२४; ४.० ला ०.२२४. सुरुवातीला एकूण पदार्थापैकी २.२४ भागिले ३.२४, म्हणजे ०.६९१ भाग ॲसिटेट असतो, शेवटी ०.२२४ भागिले १.२२४, म्हणजे ०.१८३. मधला फरक ०.५०८ हाच आम्ल सामावणारा भाग. १५ मिलिमोलला ०.५०८ ने भागले की एकूण २९.५ मिलिमोल येतात: ॲसिटेट २०.४ आणि आम्ल ९.१. पडताळा घ्या: ५.४ भागिले २४.१ बरोबर ०.२२४.

यात आयनांची संख्या आधीच्या बफरच्या दुप्पट आहे, त्यामुळे मीटर ५.० पेक्षा दोन-तीन शतांश खाली दाखवू शकतो. थोडेसे सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून तो जागेवर आणता येतो. मग त्यातलेच १०० मिलिलिटर घेऊन वरच्याच रीतीने १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करा. १५ मिलिलिटरच्या आसपास मीटर ४.० ला आला, तर बफर कामाला लावायला हरकत नाही. तेराच्या आत आला, तर ॲसिटेटच्या बाटलीवरचे लेबल पुन्हा वाचा.